३० आणि २० मिळून ४३ : दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी ठरते कशी?

सरकारी भरतीच्या जाहिरातीत दिव्यांगांच्या सवलतींचा परिच्छेद बहुधा शेवटच्या पानांवर असतो. बारीक अक्षरातल्या त्या परिच्छेदात एक वाक्य हमखास सापडते : ‘किमान ४० टक्के दिव्यांगत्व असल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक.’ वयाची सूट, राखीव जागा, परीक्षेतला वाढीव वेळ या सगळ्याचे दार या एका वाक्यातून उघडते किंवा बंद होते. मात्र हे ४० टक्के नेमके कशाचे, ते कोण मोजते आणि कसे, हे जाहिरातीत कुठेच लिहिलेले नसते. प्रमाणपत्र हातात आल्यावरही तो आकडा कुठून आला हे कळत नाही.

एक काल्पनिक पण रोजच्या पाहण्यातले उदाहरण घेऊ. दत्ता हा ४१ वर्षांचा, खुल्या प्रवर्गातला पदवीधर. आठ वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात त्याचा डावा गुडघा आणि उजवे कोपर मोडले. शस्त्रक्रिया झाल्या, पट्ट्या आणि स्क्रू बसले. गुडघा आता अर्धाच वाकतो, त्यामुळे मांडी घालून बसता येत नाही आणि जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. उजवा हात पूर्ण सरळ होत नाही. जेवताना घास तोंडापर्यंत नेण्यासाठी मान पुढे करावी लागते. दत्ताकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे आणि त्यावर ३० टक्के लिहिले आहेत. राज्य सरकारच्या नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे आहे, दिव्यांगांसाठी ४५. म्हणजे दहा टक्के कमी पडल्यामुळे दत्ता राखीव जागेला तर मुकतोच, पण त्याला साधा अर्जही भरता येत नाही.

दत्ताच्या प्रमाणपत्रावरची एक ओळ बारकाईने वाचली तर घोटाळा लक्षात येतो. अस्थिव्यंगाच्या प्रमाणपत्रात टक्केवारीबरोबर ती शरीराच्या कोणत्या भागाच्या संदर्भात आहे तेही लिहावे लागते. दत्ताच्या कागदावर त्या जागी ‘डावा पाय’ एवढेच आहे. तपासणीच्या दिवशी तो लंगडत आत गेला. डॉक्टरांनी ‘काय त्रास आहे?’ विचारले तेव्हा त्याने गुडघ्याचे सांगितले आणि गुडघ्याच्याच क्ष-किरण फिल्म पुढे केल्या. हाताचा विषय निघालाच नाही. जे दाखवले तेवढेच मोजले गेले.

आता ४० या आकड्याबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि दोन पातळ्या ठेवल्या. पहिली पातळी नुसत्या दिव्यांग व्यक्तीची. तिच्यासाठी टक्क्यांची अट नाही, आणि भेदभावापासून संरक्षणासारखे हक्क तिला आहेतच. दुसरी पातळी कायद्याच्या भाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त. सरकारी नोकऱ्यांतले चार टक्के आरक्षण या दुसऱ्या पातळीवरच्या लोकांसाठी आहे आणि बहुतेक अधिसूचना व शासन निर्णय तीच रेघ उचलतात. टक्के मोजायचे कसे, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित केली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्या अंदाजाने आकडा लिहावा असे अपेक्षित नाही. त्यांच्यापुढे कोष्टके असतात, सूत्रे असतात आणि त्यातूनच आकडा निघावा लागतो.

पायाचे मोजमाप दोन भागांत होते. एक भाग हालचालीचा : सांधा किती अंशात वाकतो आणि स्नायूंत किती जोर आहे. सांध्याचा कोन गोनिओमीटर नावाच्या, कंपासपेटीतल्या कोनमापकासारख्या साध्या साधनाने मोजतात. स्नायूंचा जोर शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदवतात. स्नायू अजिबात हलत नसेल तर शून्य, डॉक्टरांनी हाताने विरोध केला तरी पूर्ण जोर लावता आला तर पाच. दुसरा भाग स्थिरतेचा : माणूस त्या पायावर उभा राहू शकतो का, तोल सांभाळू शकतो का, चालताना काय होते. पाय आखूड झाला असेल तर त्याचेही गुण असतात. पहिला अर्धा इंच सोडून देतात आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के धरतात.

हाताची तपासणी अधिक रंजक असते, कारण तिच्यात सांधा आणि स्नायू यांच्या जोडीला रोजची कामेही येतात. डोक्यावरची वस्तू उचलणे, नाकाला बोट लावणे, घास तोंडाशी नेणे, केस विंचरणे, सदरा चढवणे अशा दहा कृती करून दाखवायच्या असतात आणि प्रत्येकीला नऊ गुण असतात. दत्ताचे दुखणे नेमके इथेच आहे. एक्स-रेमध्ये त्याचे कोपर ‘व्यवस्थित जुळलेले’ दिसते. हाड जुळले म्हणजे हात पूर्ववत झाला, असे तपासणारा आणि तपासून घेणारा दोघेही गृहीत धरतात. पण घास तोंडाशी नेताना मान पुढे जाते, हे फिल्मवर उमटत नाही. ते करून दाखवावे लागते.

दत्ताने नव्याने तपासणीचा अर्ज केला आणि या वेळी दोन्ही अवयव दाखवले, असे समजू. पायाचे ३० टक्के कायम राहिले आणि हाताचे २० निघाले. आता एकूण किती? कोणीही ५० म्हणेल. पण दिव्यांगत्वाचे टक्के असे मिळवत नाहीत. मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी एक सूत्र आहे :

a + b × (९० − a) ÷ ९०

इथे a म्हणजे दोन टक्केवारींपैकी मोठी आणि b म्हणजे लहान. दत्ताचे आकडे घातले तर ३० + २० × (९० − ३०) ÷ ९०. कंसातून ६० येतात, त्याला २० ने गुणून ९० ने भागले की १३.३ मिळतात. त्यात ३० मिळवले की ४३.३. म्हणजे दत्ताचे दिव्यांगत्व साधारण ४३ टक्के. ५० पेक्षा कमी असले तरी ४० ची रेघ ओलांडणारे.

हे सूत्र अन्यायकारक वाटू शकते, पण त्यामागचा विचार साधा आहे. पहिल्या व्यंगाने क्षमतेचा काही हिस्सा आधीच गेलेला असतो. दुसरे व्यंग मूळच्या पूर्ण क्षमतेतून वजा होत नाही, उरलेल्या क्षमतेतून वजा होते. दुकानातल्या ‘३० टक्के सूट आणि त्यावर आणखी २० टक्के’ या पाटीसारखेच हे आहे. तिथेही ५० टक्के सूट मिळत नाही, कारण दुसरी सूट कमी झालेल्या किमतीवर बसते. नुसती बेरीज केली तर ६०, ३० आणि २५ टक्क्यांची तीन व्यंगे असलेल्या माणसाचे दिव्यांगत्व ११५ टक्के निघेल, जे निरर्थक आहे. तीन व्यंगे असतील तर आधी दोघांचे उत्तर काढतात आणि ते तिसऱ्याशी याच सूत्राने जोडतात. एकाच माणसाला दोन वेगवेगळ्या प्रकारचे दिव्यांगत्व असेल, समजा अस्थिव्यंग आणि कर्णबधिरत्व, तरी हेच सूत्र लागते आणि अशा बहुविकलांगतेच्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो.

या सूत्राचा व्यवहारातला अर्थ असा, की तपासणीला जाताना किरकोळ वाटणारे दुसरे व्यंगही दाखवावे. ३० वर अडकलेल्या माणसाला ४० गाठायला दुसरे व्यंग किमान १५ टक्क्यांचे लागते, कारण त्याचे दोन तृतीयांशच मूळ आकड्यात मिसळतात. दहा टक्क्यांचे व्यंग असेल तर एकूण ३७ च्या आसपास थांबते. मग कितीही खेटे घातले तरी तो आकडा ४० होणार नाही. हे हिशेब करून आधीच कळू शकते, आणि खेटे वाचवण्यासाठी ते कळलेले बरे.

डोळे आणि कान यांचे गणित याहून निराळे आहे, आणि लोकांचा सर्वांत जास्त संताप तिथे होतो. अपघातात किंवा कामावर एक डोळा पूर्ण गेलेल्या माणसाला वाटते, दोनपैकी एक गेला म्हणजे ५० टक्के. कोष्टकात त्याला ३० टक्के आहेत. दृष्टीचे टक्के ठरवताना चांगल्या डोळ्याला महत्त्व असते, तेही चष्म्याने जास्तीत जास्त सुधारणा केल्यावर. चांगला डोळा ६/६ ते ६/१८ या टप्प्यात असेल, तर दुसऱ्या डोळ्याने काहीही दिसत नसले तरी ३० च्या पुढे जाता येत नाही. वाचणे, चालणे, माणसे ओळखणे ही कामे मुख्यतः चांगल्या डोळ्यावर चालतात, असा यामागचा तर्क आहे. तो बराचसा बरोबर आहे, पण पुरता नाही. एका डोळ्याच्या माणसाला खोलीचा अंदाज कमी येतो आणि गेलेल्या डोळ्याच्या बाजूने येणारे वाहन उशिरा दिसते. लेथवर किंवा क्रेनवर काम करणाऱ्यासाठी हे नुकसान ३० या आकड्यात मावणारे नाही.

६/६० म्हणजे काय, हेही सांगायला हवे. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येते, ते या डोळ्याला सहा मीटरपर्यंत जवळ आल्यावरच वाचता येते. दोन्ही डोळे चष्मा लावूनही ६/२४ ते ६/६० या टप्प्यात असतील, तर ४० टक्के मिळतात. तिथून पुढे दृष्टी उतरत जाते तसे टक्के वाढतात.

पण तक्त्यावरची अक्षरे वाचणे ही दृष्टीची अर्धीच बाजू आहे. काचबिंदूचा रुग्ण तक्त्यावरची खालची ओळसुद्धा वाचू शकतो आणि तरीही दाराच्या चौकटीला धडकतो, कारण त्याला मधले स्पष्ट दिसते आणि कडेचे दिसतच नाही. नळीतून पाहावे तसे. रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारातही असेच होते. मार्गदर्शक तत्त्वांनी याची दखल घेतली आहे. चांगल्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी उरले असेल, तर अक्षरे वाचता येत असली तरी तो माणूस ४० टक्क्यांच्या गटात येतो. ते १० अंशांहून कमी झाले, तर कायद्याच्या व्याख्येत ते अंधत्वच ठरते. यासाठी पेरिमेट्री नावाची तपासणी लागते. यंत्राच्या वाटीसारख्या पडद्यात समोर नजर ठेवायची आणि आजूबाजूला ठिणगी दिसली की बटण दाबायचे. नुसता तक्ता वाचून घेऊन प्रमाणपत्र दिले गेले असेल, तर अशा रुग्णाचे टक्के शून्यही येऊ शकतात. काचबिंदूच्या रुग्णाने दृष्टिक्षेत्राचा ताजा अहवाल सोबत नेणे म्हणूनच महत्त्वाचे.

कानाचे सूत्र तर उघडच चांगल्या कानाच्या बाजूने झुकलेले आहे. प्रत्येक कानाचे टक्के आधी वेगळे काढतात. त्यासाठी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झ या चार स्वरांना ऐकू येण्याची पातळी मोजून सरासरी घेतात. मग चांगल्या कानाचे टक्के पाचने गुणायचे, वाईट कानाचे त्यात मिळवायचे आणि सहाने भागायचे. एक कान पूर्ण बधिर आणि दुसरा निरोगी असेल तर शून्याचे पाचपट शून्य, अधिक १००, भागिले सहा. उत्तर १७ च्या जवळपास. कागदावर १७ टक्के असलेल्या या माणसाला गर्दीच्या रस्त्यावर हॉर्न कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. तरी सवलतीच्या हिशेबात तो बराच मागे राहतो.

पुन्हा दत्ताकडे येऊ. ४३ टक्क्यांनी त्याला नेमके काय मिळाले? वयाची अट ४५ वर गेली आणि अर्जाचे दार उघडले. राखीव जागांचे चार टक्के चार गटांत एकेक टक्का असे वाटलेले असतात : दृष्टीचे दिव्यांगत्व, श्रवणाचे, अस्थिव्यंग आणि त्याच्या जोडीला सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, आम्लहल्लापीडित व स्नायूंची झीज, आणि शेवटचा गट स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांचा. दत्ता तिसऱ्या गटात. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ मिळू शकतो. उजव्या हाताने सलग लिहिता येत नसेल तर लेखनिकही घेता येतो, पण दोन्ही हात बाधित असलेल्यांना तो जसा मागितल्यावर मिळतो तसा इथे मिळत नाही. लिहिण्यात शारीरिक मर्यादा असल्याचा जिल्हा शल्यचिकित्सकांचा वेगळा दाखला आधी घ्यावा लागतो.

इथेच एक अडचण दबा धरून बसलेली असते. कोणते पद कोणत्या दिव्यांग व्यक्तीला जमेल याची सरकारने सूची केलेली आहे, आणि ती टक्क्यांवर चालत नाही, अवयवांवर चालते. जाहिरातीत तिची संक्षिप्त रूपे येतात : ओएल म्हणजे एक पाय बाधित, ओए म्हणजे एक हात, ओएएल म्हणजे एक हात आणि एक पाय, बीएल म्हणजे दोन्ही पाय. दत्ताच्या जुन्या प्रमाणपत्रानुसार तो ओएल होता. हाताचे २० टक्के मिळवल्यावर तो ओएएल झाला. एखाद्या पदापुढे फक्त ओएल लिहिले असेल, तर ४३ टक्के असूनही त्या पदासाठी तो बसत नाही. टक्के वाढवताना प्रकार बदलतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. अर्ज भरण्यापूर्वी जाहिरातीतल्या पदापुढची ही अक्षरे आणि प्रमाणपत्रावरचा अवयवांचा उल्लेख शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

भरतीपलीकडच्या सवलतींच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत. एसटीच्या साध्या बसमध्ये ४० टक्क्यांपासून भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. सोबतच्या मदतनिसाला सवलत हवी असेल तर प्रवाशाचे दिव्यांगत्व किमान ६५ टक्के लागते. जुन्या करपद्धतीत ‘८० यू’ म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची वजावट ४० टक्क्यांना ७५ हजार रुपये आणि ८० टक्क्यांना सव्वा लाख रुपये आहे. ती ठरावीक असते, उपचारांची बिले जोडावी लागत नाहीत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी केंद्राचे जे इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन आहे, त्याची अट थेट ८० टक्के आहे. म्हणजे ७८ आणि ८० यांतला फरक डॉक्टरांच्या दृष्टीने मोजमापातल्या चुकीइतका लहान असतो, आणि घरातल्या हिशेबात मोठा.

रेल्वेचे मात्र निराळेच. तिथे सवलत माणसाच्या अवस्थेच्या वर्णनावर मिळते. अस्थिव्यंग असलेल्या प्रवाशाच्या बाबतीत ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ हे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. एकट्याने हिंडूफिरू शकणाऱ्या दत्ताला ४३ टक्क्यांवर रेल्वेची सवलत मिळणार नाही. पूर्ण बहिरा पण बोलता येणारा प्रवासीही तिथे बसत नाही, कारण ऐकणे आणि बोलणे दोन्ही नसलेल्यांसाठी ती सवलत आहे.

टक्केवारीवर एवढे अवलंबून ठेवणे योग्य आहे का, हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला. हाताला पेटके येऊन लिहिताच न येणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले, की लेखनिकाची गरज ही लिहिता येते की नाही यावर ठरते, तिला ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालील पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. हाच आकडा उलट बाजूनेही आडवा येतो. वाणी व भाषेचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून जास्त म्हणून महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएससाठी अपात्र धरले गेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा प्रवेश मान्य केला आणि नुसत्या टक्क्यांवरून कोणाला बाद करता येत नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही हे मंडळाने तपासून लिहावे, असे बजावले. आरक्षणासाठी ४० हवेत आणि ४० झाले की अपात्र, अशा कात्रीत अनेक मुले तोवर सापडत होती.

प्रमाणपत्राचा अर्ज आता swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर करावा लागतो. तिथून यूडीआयडी हे देशभर चालणारे ओळखपत्र मिळते. त्याचा रंगच टक्के सांगतो : ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि पुढे निळा. तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी होते. उपचार पूर्ण होऊन व्यंग स्थिरावल्यावरच कायमचे प्रमाणपत्र मिळते. सुधारण्याची किंवा बदलण्याची शक्यता असेल तर मुदतीचे देतात, आणि त्या मुदतीची तारीख उलटली की ते भरतीत चालत नाही. शस्त्रक्रियेने दूर होणारा मोतीबिंदू दाखवून टक्के मिळवता येत नाहीत, तो याच कारणाने.

आकडा पटला नाही तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अपिलात ‘मला फार त्रास होतो’ एवढे लिहून फारसे हाती लागत नाही. काय मोजायचे राहिले, ते लिहावे : पेरिमेट्री केली नाही, दुसरा अवयव पाहिला नाही, पायाचा आखूडपणा मोजला नाही, दोन व्यंगांचे टक्के सूत्राने जोडले नाहीत. अर्थात फेरतपासणीत आकडा खालीही येऊ शकतो, हे धरूनच पाऊल टाकावे.

दत्ताच्या बाबतीत अपिलाची गरज नव्हती. त्याचा हात कुणी नाकारला नव्हता, तो पाहिलाच गेला नव्हता. नव्या तपासणीला जाताना कोपराच्या शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद आणि जुन्या-नव्या फिल्म त्याने वेगळ्या पिशवीत घ्याव्यात. तपासणीच्या टेबलासमोर सदरा स्वतः काढून पुन्हा घालून दाखवावा, मदतीला आलेल्या भावाला हात लावू देऊ नये. आणि हे सगळे जाहिरात निघण्याची वाट न पाहता करावे. भरतीत प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हातात असावे लागते, आणि त्या तारखेनंतर मिळालेले ४३ टक्के त्या भरतीपुरते ३० च राहतात.